सात ओळींच्या नऊ पायऱ्या

तास संपतो, सर डस्टर हातात घेतात आणि त्याच क्षणी मागच्या बाकांवरून फोन वर होतात. फळ्यावरचा स्यूडोकोड फोटोत येतो आणि पाच मिनिटांत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो. मग तो उघडला जातो थेट परीक्षेच्या आदल्या रात्री. पेपरात ठरलेला प्रश्न असतो: अमुक यादीवर हा अल्गोरिदम चालवून दाखवा, प्रत्येक पायरीनंतरची स्थिती लिहा. मुलं याला ‘ड्राय रन’ म्हणतात आणि त्यासाठी जो तक्ता आखायचा तो ‘ट्रेस टेबल’. फोटो पाहून तक्ता भरायचा, एवढंच काम. तरी वर्गातल्या निम्म्या वह्यांत तक्ते वेगवेगळे निघतात, आणि गंमत अशी की उत्तर बहुतेकांचं बरोबर असतं.

असं का होतं ते एका उदाहरणावर पाहू. उदाहरण घेतलंय ‘इन्सर्शन सॉर्ट’चं, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावायच्या सर्वांत साध्या रीतींपैकी एकीचं. पत्ते खेळताना हातातली पानं आपण जशी लावतो तशीच ही रीत: डावीकडची पानं लागलेली असतात, नवं पान उचलायचं, त्याच्यापेक्षा मोठी पानं उजवीकडे सरकवायची आणि झालेल्या फटीत ते पान खोचायचं. शेवटचं पान खोचलं की डाव लागला. फळ्यावर हीच गोष्ट अशी लिहिलेली असते:

```
InsertionSort(A, n)
for j ← 2 to n
    x ← A[j]
    i ← j − 1
    while i > 0 and A[i] > x
        A[i+1] ← A[i]
        i ← i − 1
    A[i+1] ← x
```

नावाची ओळ सोडली तर सात ओळी. `A` ही यादी, `n` म्हणजे यादीत किती आकडे आहेत ते. `A[j]` म्हणजे यादीतल्या `j` क्रमांकाच्या जागेवरचा आकडा. डावीकडे तोंड केलेला बाण म्हणजे ‘उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेव’. काही पुस्तकांत बाणाऐवजी नुसतं बरोबरचं चिन्ह असतं, आणि मग `i = i − 1` असं काहीतरी दिसतं. बीजगणित शिकलेल्या माणसाला ते खोटंच वाटणार. तिथे समीकरण नाही, आज्ञा आहे: `i` ची आत्ताची किंमत घे, एक कमी कर आणि परत `i` मध्येच ठेव.

स्यूडोकोड ही कॉम्प्युटरची भाषा नाही. माणसाने माणसाला कळावं म्हणून लिहिलेला तो आराखडा आहे, आणि फोटोचं सगळं दुखणं इथूनच सुरू होतं. सी किंवा पायथनमध्ये चूक केली की मशीन बहुतेक वेळा तक्रार करतं. कंस राहिला तर तिथल्या तिथे अडतं. फळ्यावरच्या स्यूडोकोडला अडवणारं कोणी नाही. त्यात कंस नसतात, ओळीच्या शेवटी अर्धविरामही नसतो. कुठली ओळ कुठल्या फेऱ्याच्या आत आहे हे सांगायला एकच खूण असते: ती ओळ डावीकडून किती आत सरकवून लिहिली आहे. फोटोत नेमकी तीच खूण आधी जाते.

फळ्याचा फोटो तिरका काढला की डावी कड तिरपी होते आणि चार बोटं आत लिहिलेली ओळ दोन बोटं आत वाटायला लागते. पुस्तकातला कोड उजव्या हाताच्या पानावर असेल तर त्याची डावी कड शिवणीत जाते. पान तिथे वळतं, आणि आतबाहेरचा फरक वळणात मिटतो. फोटोतला मजकूर उचलून देणारी अ‍ॅप्स तर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा सर्रास टाकून देतात. पुस्तकात ओळींना क्रमांक असतील तर क्रमांक आणि शब्द एकमेकांना चिकटतात. हाती येते ती सगळ्या ओळी एकाच रेषेत उभ्या असलेली यादी. फळ्यावरच्या शेवटच्या ओळीचं, `A[i+1] ← x` चं, काय झालं ते मग कळत नाही. ती `while` च्या आत होती, `while` च्या बाहेर पण `for` च्या आत होती, की दोन्हींच्या बाहेर? तिन्ही वाचनं डोळ्यांना सारखीच पटतात.

दुसरी भानगड बारीक चिन्हांची. खडूने लिहिलेला `i` आणि `1` यांत टिंबाचाच फरक. `j` ची शेपटी पुसली गेली की तोही `i` होतो. बाणाचं टोक फिकट झालं की ती वजाबाकीची रेघ वाटते. `>` आणि `≥` यांतली खालची आडवी रेघ म्हणजे कधी खरी रेघ असते, तर कधी फळ्यावरचा जुना ओरखडा.

अशा वेळी फोटो मोठा करून बघत बसण्यापेक्षा ओळींची आपसात उलटतपासणी घेतलेली बरी. समजा `while` मधलं `i > 0` आहे की `i ≥ 0` हे दिसत नाहीये. मग वर `for` कडे पाहा. तो २ पासून सुरू होतोय, म्हणजे यादीतली पहिली जागा १ क्रमांकाची आहे. अशा यादीत ० क्रमांकाची जागाच नसते, तेव्हा `i` शून्यावर आला की थांबायलाच हवं, आणि म्हणून `i > 0` च खरं. सरांनी सी किंवा पायथनच्या सवयीने जागा ० पासून मोजल्या असतील तर `for` १ पासून सुरू होईल आणि मग `i ≥ 0` बरोबर ठरेल. दोन ओळी एकमेकींच्या साक्षीदार आहेत. दोघींच्या जबान्या जुळल्या नाहीत तर फोटो वाचण्यात घोटाळा आहे असं समजावं.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. फोटोतला भाग नीट दिसत नाही म्हणून दुसऱ्या पुस्तकातून तेवढीच ओळ उचलायची नाही. कॉर्मेन, लायझरसन, रिव्हेस्ट आणि स्टाइन या चौघांचं जाडजूड पाठ्यपुस्तक जगभर वापरलं जातं. त्याच्या २००९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत याच अल्गोरिदमचा बाहेरचा फेरा `j` चालवतो आणि आतला `i`. २०२२ च्या चौथ्या आवृत्तीत दोघांची अदलाबदल झाली आहे. दोन्ही आवृत्त्या आपापल्या जागी बरोबर आहेत. एकीतली चार आणि दुसरीतली तीन ओळ जोडली की मात्र जे तयार होतं ते कशाचंच नसतं.

आता या ओळींच्या साध्या, क्रमांकाच्या पायऱ्या करायच्या. ही रीत काही परीक्षेसाठी निघालेली नाही. डोनाल्ड कनूथ यांनी ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेत अल्गोरिदम असेच लिहिले: क्रमांक दिलेल्या पायऱ्या आणि ‘आता अमक्या पायरीवर परत जा’ अशी साधी वाक्यं. सॉर्टिंगवरचा त्यांचा तिसरा खंड १९७३ सालचा. त्यात हाच अल्गोरिदम पाच पायऱ्यांत येतो. कनूथ यांच्या पायरीत दोन-तीन कामं एकत्र असतात. आपण एका पायरीत एकच काम ठेवू, म्हणजे तक्ता भरताना बोट ठेवायला जागा मिळेल.

१. `j` ला २ ही किंमत द्या.

२. `j` हा `n` पेक्षा मोठा झाला असेल तर थांबा, यादी लागली.

३. `j` क्रमांकाच्या जागेवरचा आकडा `x` या नावाने बाजूला लिहून ठेवा.

४. `i` ला `j` पेक्षा एकाने कमी किंमत द्या, म्हणजे `i` लगेचच्या डाव्या जागेवर आला.

५. `i` शून्य असेल तर पायरी ८ वर जा. नसेल तर `i` जागेवरचा आकडा `x` पेक्षा मोठा आहे का ते पाहा. मोठा नसेल, म्हणजे लहान किंवा तेवढाच असेल, तरीही पायरी ८ वर जा.

६. `i` जागेवरचा आकडा एक जागा उजवीकडे सरकवा, म्हणजे उजव्या जागेवर तोच आकडा लिहा.

७. `i` एकाने कमी करा आणि पायरी ५ वर परत जा.

८. `i` च्या लगेच उजव्या जागेवर `x` लिहा.

९. `j` एकाने वाढवा आणि पायरी २ वर परत जा.

सात ओळींच्या नऊ पायऱ्या झाल्या, कारण `for` ही एकटी ओळ तीन कामं करते: सुरुवातीची किंमत देते, दरवेळी शेवट आला का ते तपासते आणि फेरा संपला की एकाने पुढे नेते. ही तीन कामं पायरी १, २ आणि ९ मध्ये वेगळी झाली. `while` चंही तसंच. त्याची तपासणी पाचव्या पायरीत आहे आणि मागे फिरणं सातवीत. फळ्यावर जे आत सरकवून दाखवलं होतं ते आता ‘परत जा’ या शब्दांनी सांगितलं जातं. फोटो कितीही वाकडा असो, एकदा पायऱ्या लिहिल्या की आतबाहेरची शंका उरत नाही. म्हणूनच पायऱ्या लिहिताना शेवटच्या ओळीबद्दलचा निर्णय तुम्हाला घ्यावाच लागतो. वर आपण तो घेतला आहे: आठवी पायरी आतल्या फेऱ्यातून बाहेर पडल्यावर येते, पण बाहेरचा फेरा पुढे जाण्याआधी.

पाचव्या पायरीत दोन प्रश्न आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जागा आहे का ते पाहायचं, मगच त्या जागेवरचा आकडा. `i` शून्य झाल्यावर ‘शून्याव्या जागेवर काय आहे?’ असं विचारायचंच नाही. तक्त्यातही अशा वेळी आकड्यांची तुलना लिहायची नाही.

राहिली नमुन्याची यादी. पेपरात यादी दिलेली असते, पण घरी तपासताना ती आपणच निवडतो, आणि इथे आळस नडतो. १, २, ३, ४, ५ अशी आधीच लागलेली यादी घेतली तर पायरी ६ आणि ७ एकदाही चालणार नाहीत. त्या दोन पायऱ्यांत काहीही चुकीचं लिहिलेलं असलं तरी तक्ता निमूटपणे बरोबर येईल. आपण घेऊ ७, ४, ९, ४, २. पहिला आकडा मुद्दाम मोठा ठेवला आहे, म्हणजे त्याला जागा सोडावी लागेल. ९ आपल्या पाळीला जागचा हलणार नाही, तेव्हा न सरकण्याचाही अनुभव येईल. ४ दोनदा आहे, बरोबरीत काय होतं ते कळायला. आणि सर्वांत लहान २ शेवटी आहे, म्हणजे त्याला टोकापर्यंत प्रवास करावा लागेल. पाच आकडे पुरतात. दहा आकड्यांची उलट्या क्रमाची यादी घेतली तर तक्त्यात ५४ ओळी होतील, आणि तेवढं लिहिताना हात चुकणारच.

पाचव्या पायरीवर दरवेळी आलं की तक्त्यात एक ओळ, असा नियम ठेवू. शेवटच्या रकान्यात त्या ओळीतलं काम झाल्यानंतरची यादी.

| ओळ | `j` | `x` | `i` | तपासणी | काय केलं | यादी |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | २ | ४ | १ | ७ > ४, हो | ७ सरकवला | ७ ७ ९ ४ २ |
| २ | २ | ४ | ० | जागा संपली | ४ ठेवला | ४ ७ ९ ४ २ |
| ३ | ३ | ९ | २ | ७ > ९, नाही | ९ ठेवला | ४ ७ ९ ४ २ |
| ४ | ४ | ४ | ३ | ९ > ४, हो | ९ सरकवला | ४ ७ ९ ९ २ |
| ५ | ४ | ४ | २ | ७ > ४, हो | ७ सरकवला | ४ ७ ७ ९ २ |
| ६ | ४ | ४ | १ | ४ > ४, नाही | ४ ठेवला | ४ ४ ७ ९ २ |
| ७ | ५ | २ | ४ | ९ > २, हो | ९ सरकवला | ४ ४ ७ ९ ९ |
| ८ | ५ | २ | ३ | ७ > २, हो | ७ सरकवला | ४ ४ ७ ७ ९ |
| ९ | ५ | २ | २ | ४ > २, हो | ४ सरकवला | ४ ४ ४ ७ ९ |
| १० | ५ | २ | १ | ४ > २, हो | ४ सरकवला | ४ ४ ४ ७ ९ |
| ११ | ५ | २ | ० | जागा संपली | २ ठेवला | २ ४ ४ ७ ९ |

पहिल्याच ओळीत यादी ७ ७ ९ ४ २ अशी झाली. इथे हमखास हात वर होतो: ‘सर, एक चार गेला कुठे?’ तो कुठे गेलेला नाही, `x` च्या रकान्यात बसला आहे. ‘सरकवणं’ म्हणजे इथे उजव्या जागेवर त्याच आकड्याची नक्कल लिहिणं. डावीकडचा आकडा पुसला जात नाही, पुढे त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच राहतो. म्हणून मधल्या ओळींत एक आकडा दोनदा दिसतो आणि एक आकडा यादीत नसतो. जे विद्यार्थी `x` चा रकाना आखत नाहीत ते इथे घाबरतात आणि आकडा मनानेच परत यादीत टाकतात. तिथून त्यांचा तक्ता आणि अल्गोरिदम यांची फारकत होते.

नवव्या आणि दहाव्या ओळींकडेही जरा थांबून पाहा. दोन्हींत यादी एकच आहे: ४ ४ ४ ७ ९. दहाव्या ओळीत काम झालं आहे, पहिल्या जागेवरचा ४ दुसऱ्या जागेवर लिहिला गेला आहे. पण तिथे आधीही ४ च होता, म्हणून डोळ्यांना बदल दिसत नाही. वह्यांमधून सर्वांत जास्त वेळा गाळली जाणारी ओळ हीच. यादीत फरक पडला की ओळ लिहायची, असा नियम मनात असेल तर ती गळणारच. नियम पाचव्या पायरीचा धरला की ती राहते.

आता त्या वादग्रस्त शेवटच्या ओळीकडे येऊ. समजा फोटो पाहून कुणी `A[i+1] ← x` ही ओळ आतल्या फेऱ्यातच धरली. म्हणजे दरवेळी आकडा सरकवला, `i` कमी केला आणि लगेच `x` त्या जागी लिहून टाकला. चौथ्या आकड्याच्या पाळीला पहिल्याच फेऱ्यात यादी ४ ७ ४ ९ २ अशी होईल. बरोबर तक्त्यात तिथे ४ ७ ९ ९ २ आहे. पुढच्या फेऱ्यात ४ आणखी एक जागा डावीकडे जाईल. हे शेजाऱ्याशी अदलाबदल करत जाणं झालं. शेवटी यादी लागेल, २ ४ ४ ७ ९ च येईल. उत्तर बरोबर, तक्ता चूक. लिहिण्याचं कामही वाढतं: मूळ रीतीत यादीत ११ वेळा लिहावं लागतं, या रीतीत १४ वेळा. परीक्षक फक्त शेवटची ओळ पाहणारा नसेल तर गुण जातात, आणि ते योग्यच आहे, कारण लिहिलेला अल्गोरिदम वेगळा आहे.

तीच ओळ कुणी दोन्ही फेऱ्यांच्या बाहेर धरली तर मात्र बोंब ताबडतोब उठते. आकडे सरकत राहतात, पण बाजूला काढलेला `x` परत ठेवला जात नाही. पुढच्या पाळीला त्याच्यावर नवा `x` येतो आणि जुना कायमचा जातो. आपल्या यादीवर हे करून पाहिलं तर शेवटी हाती येतं २ ७ ७ ७ ९. दोन्ही ४ नाहीसे झाले आणि ७ तीनदा आला. यादी मात्र चढत्या क्रमाने लागलेली आहे! नुसतं ‘लागली का’ एवढंच पाहणारा इथेही फसेल. म्हणून पहिली तपासणी ही: सुरुवातीला होते तेच आकडे, तितक्याच वेळा, शेवटी आहेत का?

`i` आणि `1` यांची गफलत याहून लबाड. समजा सरकवण्याची ओळ `A[1+1] ← A[i]` अशी वाचली गेली. दुसऱ्या आकड्याच्या पाळीला `i` ची किंमत १ च असते, त्यामुळे काही बिघडत नाही. तिसऱ्याच्या पाळीला सरकवायचंच नसतं. चौथ्याच्या पाळीला ९ चौथ्या जागेवर जाण्याऐवजी दुसऱ्या जागेवर जाऊन बसतो आणि तिथल्या ७ चा कायमचा निकाल लागतो. तीन आकड्यांवर तपासून जे समाधानाने झोपले त्यांना हे कधीच दिसलं नसतं.

आणि `>` च्या जागी `≥`? त्यात आकडे हरवत नाहीत, यादीही लागते. फरक सहाव्या ओळीत पडतो. ‘४ > ४’ ला उत्तर ‘नाही’ होतं. ‘४ ≥ ४’ ला ‘हो’ येईल, पहिला ४ विनाकारण सरकेल आणि दुसरा ४ त्याच्या पुढे जाऊन बसेल. नुसत्या आकड्यांत दोन चौकारांत काय फरक? पण हे गुण असतील आणि यादी हजेरी क्रमांकाप्रमाणे आलेली असेल तर फरक पडतो. `>` असताना सारखे गुण मिळालेली मुलं हजेरीच्या क्रमानेच राहतात. `≥` केलं की त्यांचा क्रम उलटतो. अल्गोरिदमच्या या गुणाला ‘स्टेबल’ असणं म्हणतात आणि इन्सर्शन सॉर्ट स्टेबल आहे असं पुस्तकात छापलेलं असतं ते या एका चिन्हाच्या जोरावर. तक्त्यात हे पकडायचं तर दुसऱ्या ४ वर पेन्सिलने एक टिंब द्या आणि ते टिंब शेवटी कुठे पोचतं ते पाहा.

हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघण्यापेक्षा मोजणीने पकडता येतं, आणि ही मोजणी करायला अल्गोरिदम चालवावाही लागत नाही. मूळ यादी घ्या आणि अशा जोड्या मोजा ज्यांत डावीकडचा आकडा उजवीकडच्यापेक्षा मोठा आहे. इंग्रजी पुस्तकांत त्यांना ‘इन्व्हर्जन’ म्हणतात. आपण उलट्या जोड्या म्हणू. ७ ४ ९ ४ २ मध्ये पहिल्या ७ च्या उजवीकडे त्याच्याहून लहान तीन आकडे आहेत: ४, ४, २. पहिल्या ४ च्या उजवीकडे एक, तो २. ९ च्या उजवीकडे दोन. दुसऱ्या ४ च्या उजवीकडे एक. एकूण सात. इन्सर्शन सॉर्टमध्ये एकदा सरकवलं की अशी एक जोडी सुलट होते, कमी नाही की जास्त नाही. म्हणून तक्त्यात ‘सरकवला’ नेमका सात वेळा यायला हवा. शिवाय पहिला सोडून प्रत्येक आकडा एकदा ‘ठेवला’ जातो, ते चार वेळा. सात आणि चार अकरा. आपल्या तक्त्यात अकरा ओळी आहेत.

आता मागच्या चुकांकडे पुन्हा बघा. `≥` वाचणाऱ्याच्या तक्त्यात एक सरकवणं जास्त होऊन बारा ओळी भरतील. दहावी ओळ गाळणाऱ्याच्या दहाच भरतील. उत्तर दोघांचंही बरोबर आलेलं असेल, पण मोजणी त्यांना सोडणार नाही. शेवटची ओळ आत धरणारा मात्र या मोजणीतून निसटू शकतो, कारण त्याचं सरकवणंही सात वेळाच होतं. त्याला पकडायचं ते मधल्या याद्यांवरून: बरोबर तक्त्यात सरकवण्याच्या ओळीत एक आकडा लागोपाठ दोनदा दिसलाच पाहिजे.

अजून एक ठिकाण तपासण्यासारखं आहे. ‘ठेवला’ असं जिथे लिहिलंय त्या ओळी घ्या: २, ३, ६ आणि ११. तिथवरच्या `j` जागा चढत्या क्रमाने लागलेल्या असल्याच पाहिजेत. दुसऱ्या ओळीत पहिल्या दोन, तिसऱ्या ओळीत पहिल्या तीन, सहाव्या ओळीत पहिल्या चार, अकराव्या ओळीत सगळ्या. अल्गोरिदम बरोबर आहे हे पुस्तकात सिद्ध करतात तेही याच विधानाच्या आधारे. एका यादीवरचा तक्ता म्हणजे सिद्धता नव्हे. पाच आकड्यांवर जे चाललं ते पाच हजारांवर चालेलच असं तक्ता सांगत नाही. तो एवढंच सांगतो की फोटोतून उतरवलेल्या तुमच्या पायऱ्या आणि फळ्यावरचा मूळ कोड निदान या यादीवर एकसारखे वागतात.

बबल सॉर्ट आणि सिलेक्शन सॉर्टचे फोटोही असेच उतरवता येतात, पण ओळींची मोजणी प्रत्येकाची वेगळी, ती तिथे नव्याने बसवावी लागते. क्विक सॉर्टमध्ये अल्गोरिदम स्वतःलाच पुन्हा बोलावतो, तेव्हा असा एक सपाट तक्ता पुरत नाही. प्रत्येक बोलावण्याला वेगळा तक्ता आखावा लागतो.

एक विनंती फोटो काढणाऱ्यांना. फळ्यासमोर सरळ उभे राहा आणि डावीकडची कड फोटोत पूर्ण येऊ द्या; उजवीकडचं थोडं कापलं गेलं तर अंदाजाने भरता येतं, डावीकडचं नाही. आणि वही हाताशी असेल तर ३, १, ३, २ ही यादी वरच्या नऊ पायऱ्यांवर चालवून पाहा. उलट्या जोड्या तीन आहेत, तेव्हा तक्त्यात सहा ओळी भरल्या पाहिजेत. सात भरल्या तर पाचवी पायरी पुन्हा वाचा. बरोबरीच्या आकड्याला तुम्ही सरकवलं असणार.